वर्षाच्या मध्यावर चौथीत आलेली मुलगी: पालकांसाठीचे स्वागतपत्र आणि सोबत्यांची योजना

पार्श्वभूमी

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातील एका साखर कारखान्याच्या परिसरातील जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेचे आहे. शाळा पहिली ते चौथीपर्यंत, शिक्षक दोन, आणि तिसरी व चौथीचे वर्ग एकाच खोलीत माझ्याकडे. दिवाळीनंतर गळीत हंगाम सुरू झाला की मराठवाड्यातून, मुख्यतः बीड जिल्ह्यातून, ऊसतोडणीच्या टोळ्या या भागात येतात आणि गावाबाहेर मोकळ्या रानात त्यांचा तळ पडतो. मार्च-एप्रिलपर्यंत ती कुटुंबे तेथील खोप्यांत राहतात. त्यांच्याबरोबर आलेल्या मुलांपैकी काही आमच्या शाळेत येतात, काही आठवडाभर येऊन थांबतात आणि काही दारापर्यंतही पोहोचत नाहीत.

त्या वर्षी नोव्हेंबरात चौथीच्या वयाची एक मुलगी आली. या लेखापुरते तिला शीतल म्हणू. तिला तळावरून शाळेत आणले ते टोळीच्या मुकादमाने. त्याने दोन मिनिटांत तिचे नाव, गाव आणि इयत्ता सांगितली व तो निघून गेला. आईवडील दोघेही तोडणीला पहाटेच बाहेर पडत असल्याने शाळेत येऊन भेटणे त्यांना शक्यच नव्हते.

प्रवेशाचा प्रश्न त्यामानाने सोपा होता. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, 2009 प्रमाणे शाळा सोडल्याचा दाखला मिळायला उशीर झाला किंवा वयाचा पुरावा हाती नसला, तरी त्या कारणाने मुलाचा प्रवेश अडवता येत नाही. वर्ष अर्धे सरले हेही कारण चालत नाही. शिवाय शीतल हंगाम संपल्यावर आपल्या गावी परतणार होती, त्यामुळे तेथील शाळेतून तिचे नाव काढून घेण्यात अर्थ नव्हता. अशा स्थलांतरित मुलांसाठी राज्यात शिक्षण हमी पत्रक वापरले जाते. त्यावर मुलाची इयत्ता आणि तो कोठवर शिकला आहे याची नोंद असते, आणि ते दाखवून ज्या गावी जाईल तेथील शाळेत बसता येते. शीतलच्या घरच्यांनी ते निघताना घेतलेले नव्हते. मी तिच्या गावच्या मुख्याध्यापकांना फोन केला आणि दोन दिवसांत पत्रकाचा फोटो माझ्याकडे आला.

अडचण

खरी अडचण प्रवेशानंतरच्या पहिल्या पंधरा दिवसांची होती. तळावरची मुले शाळेत येऊन गळतात ती याच काळात, आणि त्याची कारणे आम्हाला आधीच्या हंगामांवरून ठाऊक होती. एक म्हणजे घरी धाकटे भावंड असते आणि आईवडील फडात गेल्यावर ते मोठ्या मुलीच्या अंगावर पडते. दुसरे म्हणजे वर्गात पाच महिने एकत्र बसलेल्या मुलांची बाके, जोड्या आणि खेळातले गट ठरून गेलेले असतात. नव्या मुलाला कोणी त्रास दिला नाही तरी त्याच्यासाठी जागा मोकळी असतेच असे नाही. तिसरे कारण लवकर ध्यानात येत नाही. एखादा दिवस बुडाला की मुलाला दुसऱ्या दिवशी यायची भीती वाटते, तिसऱ्या दिवशी ती वाढते, आणि चौथ्या दिवसापासून ते मूल येतच नाही.

शीतलचा भाऊ तीन वर्षांचा होता. पहिल्या दिवशी ती आली तेव्हा त्याला शेजारच्या खोपीतल्या आजींकडे ठेवले होते, पण त्या आजीही दोन-तीन दिवसांनी फडात जाणार होत्या. हे मला शीतलने जेवणाच्या सुट्टीत सांगितले. मुकादमाच्या बोलण्यात भावाचा उल्लेखही नव्हता. तिला घरी धाडणारे कारण आम्हाला पहिल्याच दिवशी कळले, ही या प्रकरणातील मोठी अनुकूल गोष्ट ठरली.

विचारात घेतलेले पर्याय

पालकांशी बोलायचे कसे, हा पहिला निर्णय. शाळेचे छापील सूचनापत्रक होते आणि जूनमध्ये सर्वांना दिले जाते तेच देता आले असते. परंतु त्यात आधार कार्डाची प्रत, बँक खाते, गणवेश, उपस्थितीचे नियम आणि पालकसभेच्या तारखा होत्या. पहाटे चारला उठून रात्री गाडी भरून परतणाऱ्या माणसाला त्या कागदातून एकच गोष्ट कळली असती, ती म्हणजे आपल्याकडे काय काय नाही. दुसरा पर्याय मुकादमामार्फत तोंडी निरोप धाडण्याचा. तो सोपा होता, पण मुकादम आणि मजूर यांच्यात उचल घेतलेल्या पैशांचे नाते असते. त्याच्या तोंडून गेलेला निरोप हुकमासारखा ऐकला जाण्याची शक्यता अधिक, आणि भावाला सांभाळण्यासारखी घरची अडचण त्याच्यामार्फत उलट आमच्यापर्यंत येण्याची शक्यता कमी. तिसरा पर्याय म्हणजे छोटे पत्र हाताने लिहून स्वतः तळावर जाऊन वाचून दाखवणे. आम्ही तो स्वीकारला.

सोबती कोण, हा दुसरा निर्णय. वर्गनायिका हुशार आणि जबाबदार होती आणि तिने स्वतःच हात वर केला होता. तरीही मी तिला निवडले नाही, कारण वर्गात तिचे काम इतरांना शिस्त लावण्याचे आहे आणि नव्या मुलीच्या बाबतीत ती तेच करत राहिली असती. तळावरचाच एक मुलगा तिसरीत बसत होता. त्याची सोबत घरच्यासारखी झाली असती, पण मग तळावरची मुले एका बाकावर आणि गावची मुले बाकीच्या बाकांवर, असे चित्र आम्हीच तयार केले असते. आणखी एक शक्यता म्हणजे कोणालाच न नेमता मुलांवर सोडून देणे. काही मुले आपोआप मिसळतात हे खरे आहे. मात्र ज्या मुलीच्या हातात हंगामाचे मोजके महिने आहेत, तिने त्यातला महिनाभर वाट पाहण्यात घालवावा, हे मला पटले नाही.

पालकांचे पत्र

पत्र एका पानाच्या एकाच बाजूला, मोठ्या अक्षरांत लिहिले. वडील सातवीपर्यंत शिकलेले होते आणि आईला वाचता येत नव्हते, असे शीतलकडून कळले होते. म्हणून वाक्ये अशी ठेवली की चौथीच्या मुलीलाही ती मोठ्याने वाचता यावीत. मजकूर असा होता:

> नमस्कार. शीतल आमच्या शाळेत आली, आम्हाला आनंद झाला. ती चौथीच्या वर्गात बसते.
>
> शाळा सकाळी साडेदहाला भरते आणि पाचला सुटते. शनिवारी शाळा सकाळची असते. दुपारचे जेवण शाळेत मिळते. पुस्तके आणि वह्या आम्ही देऊ. पैसे लागत नाहीत.
>
> धाकट्या भावालाही तिच्याबरोबर पाठवा. अंगणवाडी शाळेच्या आवारातच आहे. अंगणवाडी सुटल्यावर तो पहिलीच्या वर्गात बसेल.
>
> अनुजा आणि सई या दोन मुली शीतलच्या सोबतीला आहेत. अनुजा रोज सकाळी दहाला फाट्यावरच्या पिंपळाखाली थांबेल आणि संध्याकाळी तेथपर्यंत बरोबर येईल.
>
> एखादा दिवस शीतलला येता आले नाही, तर दुसऱ्या दिवशी पाठवा. कोणी रागावणार नाही.
>
> तिला काय आवडते, कशाची भीती वाटते, काही दुखणेखुपणे आहे का, हे आम्हाला सांगा. खाली माझा फोन नंबर आहे. रात्री फोन केला तरी चालेल.

या पत्रातील दोन वाक्यांवर शाळेत चर्चा झाली. भावाला पाठवण्याचे वाक्य लिहिण्याआधी अंगणवाडी सेविकांशी आणि पहिली-दुसरीच्या सरांशी बोलणे आवश्यक होते, कारण अंगणवाडी दुपारी सुटते आणि शाळा पाचला. मधल्या वेळात तीन वर्षांचे मूल पहिलीच्या वर्गात बसवायचे म्हणजे सरांच्या कामात भर पडणार. त्यांनी एक अट घातली: मूल रडू लागले तर बहिणीला वर्गातून बोलावले जाईल, पण तिने त्याच्याजवळ पूर्ण दुपार बसायचे नाही. ही अट योग्य होती, आणि ती आधीच ठरल्यामुळे पुढे वाद झाला नाही. शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांनाही ही व्यवस्था सांगून ठेवली.

दुसरे वाक्य ‘कोणी रागावणार नाही’ हे. यामुळे खाडे वाढतील, असे सरांचे म्हणणे होते. माझे मत वेगळे होते. तळावरच्या घरांत एखादा दिवस बुडणारच: कोणी आजारी पडते, कधी पाणी भरायचे असते, कधी गाडी उशिरा भरते आणि सगळे घर रात्रभर जागे असते. प्रश्न त्या एका दिवसाचा नसून त्यानंतरच्या दिवसाचा आहे. ज्या पालकाला शाळा रागावेल असे वाटते तो मुलाला परत पाठवायला कचरतो, म्हणून ते वाक्य तसेच ठेवले. कागदपत्रांचा मात्र पत्रात एकही उल्लेख केला नाही. जे हवे होते ते गावच्या शाळेकडून मिळत होते.

पत्र घेऊन मी दिवस मावळल्यावर तळावर गेले. चुलीवर भाकऱ्या चालल्या होत्या. मी पत्र वाचून दाखवले, तेव्हा शीतलच्या आईने भावाच्या वाक्यापाशी मला थांबवले आणि विचारले, “धाकट्याला खरंच घेतील का बाई? मागच्या साली दुसऱ्या गावात नाही म्हणले होते.” मी ते वाक्य पुन्हा वाचले आणि अंगणवाडीच्या ताईंशी बोलणे झाले आहे हेही सांगितले. त्यानंतर त्यांनी पत्रातल्या प्रश्नाचे उत्तर आपणहून दिले: शीतलचा उजवा कान लहानपणापासून वाहतो आणि त्या बाजूने तिला कमी ऐकू येते. हे ना हमी पत्रकात होते, ना ती स्वतः कधी बोलली असती. दुसऱ्या दिवशी मी तिची जागा अशी बदलली की तिचा डावा कान फळ्याकडे आणि माझ्या खुर्चीकडे राहील, आणि बाकावरची सोबतीण तिच्या डाव्या हाताला बसेल.

सोबत्यांची योजना

दोन सोबतिणी निवडल्या आणि त्यांची कामे वेगळी ठेवली. अनुजाचे घर फाट्याजवळच्या वस्तीवर होते, म्हणून तिच्याकडे वाट. सई वर्गात शांत, खेळात सर्वांना घेणारी आणि कोणत्याही एका मैत्रिणीला चिकटून न राहणारी होती, म्हणून तिच्याकडे बाक आणि सुट्टी. एकच सोबतीण असती तर ती आजारी पडल्यावर शीतल पुन्हा एकटी पडली असती, शिवाय त्या मुलीवरही भार आला असता. दोघींना आधी विचारले, त्यांच्या घरीही कळवले.

अनुजाच्या आईने हरकत घेतली. मुलीने तळावर जाऊ नये, असे त्यांचे म्हणणे होते. त्यामागे तळाविषयीची अढी किती आणि काळजी किती, हे मी ठरवत बसले नाही, कारण काळजीचे कारण खरे होते: हंगामात त्या रस्त्याने दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर सतत जात असतात. फाट्यावरचा पिंपळ ही जागा त्यातून ठरली. अनुजाने तेथे थांबायचे, शीतलने भावाला घेऊन तळाच्या आतल्या पायवाटेने तेथे यायचे आणि पुढे तिघांनी रस्त्याच्या उजव्या कडेने यायचे. अनुजाच्या आईला हे मान्य झाले.

दोघींना कामे तोंडी सांगितली आणि एका कागदावरही लिहून दिली. पहिल्या आठवड्यात नळ, स्वच्छतागृह आणि ताटे ठेवण्याची जागा दाखवायची. जेवायला शेजारी बसायचे. खेळात नाव घ्यायचे. दुसऱ्या आणि तिसऱ्या आठवड्यात तिने विचारले तरच सांगायचे, आणि जेवताना दर दिवशी आणखी एका मुलीला बरोबर बसवायचे. चौथ्या आठवड्यापासून सईचे नेमलेले काम संपेल, अनुजाची वाटेची सोबत मात्र हंगामभर राहील. काय करायचे नाही, हेही लिहिले होते: तिचा अभ्यास करून द्यायचा नाही, तिच्या वतीने उत्तर द्यायचे नाही, आणि कोणी चिडवले तर आपण भांडायचे नाही, बाईंना सांगायचे.

वर्गाला ओळख करून देताना मी शीतलच्या आईवडिलांच्या कामाविषयी काही बोलले नाही. ‘ऊस कसा तोडतात ते सांग’ असा प्रश्न शिक्षक आपुलकीनेच विचारतात. परंतु पहिल्या दिवशी तो विचारला की त्या मुलीची ओळख तेवढ्यावरच थांबते, आणि ज्या कामात तिची आई रोज हात कापून घेते त्याचे तिला प्रात्यक्षिक द्यावे लागते. तिला सांगावेसे वाटले तेव्हा तिने ते जानेवारीत स्वतः सांगितले.

काय घडले

भाऊ दुसऱ्या दिवसापासून बरोबर आला. पहिले तीन-चार दिवस तो दुपारी रडला आणि शीतलला बोलावावे लागले. नंतर तो पहिलीच्या वर्गात मागे बसून खडूने फरशीवर रेघोट्या ओढू लागला. शीतलचे खाडे झाले, पण लागून दोन दिवसांपेक्षा जास्त झाले नाहीत. अपवाद फक्त डिसेंबरातल्या तापाचा, आणि तेव्हा तिच्या वडिलांनी रात्री फोन करून कळवले.

बाकावर मात्र योजनेतील एक गोष्ट बिघडली. दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास मी शीतलला प्रश्न विचारला की ती माझ्याकडे न पाहता सईकडे पाहू लागली, आणि बरेचदा उत्तर सईच देऊ लागली. हातच्याच्या वजाबाकीत शीतलची अडचण होती, हे मला पहिल्या आठवड्यात दिसले होते. आता तिच्या वहीत ती गणिते बरोबर येत होती, पण एका गणितात सईने 503 मधून 268 वजा करताना दशकाच्या घरात केलेली चूक शीतलच्या वहीतही जशीच्या तशी होती. दोघींच्या वहीत उत्तर 245. शीतल पाहून लिहीत होती, आणि सई आपण मदत करतो आहोत असे समजत होती.

सईला काढावे का, हा पुढचा निर्णय. काढले असते तर तिला ती शिक्षा वाटली असती आणि शीतलला आपल्यामुळे मैत्रीण रागे भरली गेली असे वाटले असते. म्हणून काम तेच ठेवून त्याची रीत बदलली. गणिताच्या वेळी दोघींनी आगपेटीच्या काड्यांचे दहा-दहांचे गठ्ठे घ्यायचे. एकीने गठ्ठा सोडायचा आणि दुसरीने ‘आता सुट्या किती झाल्या?’ एवढेच विचारायचे. मग पाळी बदलायची. 503 मध्ये दशकाच्या घरात शून्य असल्याने आधी शंभराचा गठ्ठा सोडून दहाचे दहा करावे लागतात, त्यातला एक पुन्हा सोडून सुट्या घ्याव्या लागतात आणि दशकाच्या घरात नऊच उरतात, हे दोघींना काड्या हातात घेतल्यावर दिसले. उत्तर 235 आले तेव्हा सईची चूकही निघाली. शीतलला गणित उमजायला त्यानंतरही बरेच दिवस लागले, पण प्रश्न विचारल्यावर ती माझ्याकडे पाहू लागली.

मैत्रीचा तोल सावरला तो सागरगोट्यांमुळे. शीतल त्यात इतकी पटाईत होती की सुट्टीत तिच्याभोवती मुली जमू लागल्या आणि शिकवायची पाळी तिची आली. आम्ही ते योजले नव्हते. सोबत्यांच्या योजनेत नवे मूल फक्त घेणारे राहिले तर ती योजना त्याला कायम पाहुणाच ठेवते. इतरांना देण्यासारखे त्याच्याकडे काय आहे, ते पहिल्याच आठवड्यात शोधायला हवे, आणि त्यासाठी वर्गापेक्षा मैदानाकडे लक्ष ठेवावे लागते.

पत्राचा एक परिणाम अनपेक्षित होता. शीतलने ते शेजारच्या खोपीत वाचून दाखवले आणि आठवड्याभरात तळावरची आणखी एक मुलगी लहान बहिणीला घेऊन आली. तिचे पालक प्रथम आम्हाला भेटले ते ‘तसाच कागद आम्हालाही द्या’ असे म्हणत.

मार्चअखेर टोळी परत निघाली. निघण्याच्या आठवड्यात मी हमी पत्रकावर नोंदी केल्या: परिच्छेद समजून वाचते, हातच्याची वजाबाकी तीन अंकांपर्यंत वस्तू घेऊन करते, वस्तूंशिवाय अजून चुकते, उजव्या कानाने कमी ऐकू येते म्हणून जागा ठरवावी. हाच मजकूर तिच्या गावच्या मुख्याध्यापकांना फोनवर वाचून दाखवला. कानाच्या तपासणीसाठी शाळेच्या आरोग्य तपासणी पथकाने तिला ग्रामीण रुग्णालयाची चिठ्ठी दिली होती, पण हंगामात आईवडिलांना मजुरी बुडवून जाणे जमले नाही, आणि ते काम अपुरे राहिले.

वेगळे काय करता येईल

कानाची बाब वेगळ्या तऱ्हेने हाताळता आली असती. चिठ्ठी पालकांच्या हाती देऊन ते जातील अशी अपेक्षा रोजंदारीवरच्या, आणि तीही आगाऊ उचल घेतलेल्या, कुटुंबाकडून करणे फारसे व्यवहार्य नाही. शाळा व्यवस्थापन समितीतील एखाद्या सदस्याने आईच्या संमतीने मुलीला नेले असते तर तपासणी झाली असती. ही संमती पहिल्याच भेटीत, पत्र वाचून झाल्यावर विचारता येते.

सोबत्यांच्या कागदावर ‘उत्तर द्यायचे नाही’ असे लिहिले होते, पण नऊ-दहा वर्षांच्या मुलीला काय करू नये हे सांगून भागत नाही. त्याऐवजी काय करायचे, हे पहिल्या दिवसापासून सांगायला हवे. काड्यांच्या गठ्ठ्यांसारखे पाळीपाळीने करायचे एखादे काम प्रत्येक विषयात तयार ठेवले, तर सोबतीण शिक्षिकेची जागा घेत नाही. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी दोघींच्या वह्या शेजारी ठेवून पाहणे हेही आता आम्ही योजनेतच लिहिले आहे. सारखीच चूक दोन वह्यांत दिसणे ही सर्वांत लवकर कळणारी खूण आहे.

पत्राच्या बाबतीत बदल लहान आहे. मुकादमाला वगळून पालकांपर्यंत पोहोचण्याचा निर्णय बरोबर होता, असे मला अजूनही वाटते. परंतु टोळी कधी येणार आणि किती मुले बरोबर आहेत, हे सर्वांत आधी त्यालाच ठाऊक असते. आता दिवाळीच्या सुट्टीपूर्वी कारखान्याच्या शेती विभागातून टोळ्यांची माहिती घेऊन आम्ही मुकादमांना फक्त मुलांची नावे, वये आणि बरोबरची धाकटी भावंडे विचारतो. पत्र मात्र पूर्वीप्रमाणेच हाताने लिहिलेले असते, प्रत्येक मुलाच्या नावाने, आणि ते शिक्षक स्वतः तळावर नेऊन वाचतात.